लोककथेवरून अ‍ॅनिमेशन शॉर्टची पटकथा लिहिताय? या चुका टाळा

खुलभर दुधाची कहाणी श्रावणात घरात ऐकलेली असते, त्यामुळे ती लहानशी आहे असं वाटतं. वाचायला पाच मिनिटं, म्हणजे फिल्मही पाच मिनिटांची होईल, असा हिशोब करून ठाण्यातली बरीच मुलं पटकथा लिहायला बसतात. लिहून होते ती बारा-तेरा पानांची. अ‍ॅनिमॅटिक केलं, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं कच्च्या आवाजाबरोबर वेळेत लावून पाहिली, की ती अकरा मिनिटांच्या घरात जाते. मग कात्री हातात येते आणि नको तेच कापलं जातं. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या पटकथांमध्ये हे इतक्या वेळा दिसतं, की याच एका कहाणीवर सगळं सांगतो.

आधी कहाणी. आटपाट नगरातल्या शिवभक्त राजाच्या मनात येतं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. प्रधान युक्ती सुचवतो, दवंडी पिटली जाते: दर सोमवारी घरातलं सगळं दूध देवळात आणा. धाकानं लोक वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, सगळं दूध ओततात. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचं काम आटोपून, मुलाबाळांना खाऊ घालून, गाईवासरांना तृप्त करून खुलभर दूध घेऊन येते, आणि तेवढ्यानं गाभारा भरतो. पुजारी राजाला सांगतो. दुसऱ्या सोमवारी शिपाई बसवतात, पण उलगडा होत नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः बसतो, म्हातारीला धरतो, अभय देतो. ती कारण सांगते. चौथ्या सोमवारी मुलं-वासरं पोटभर प्यायल्यावर राजा पूजा करतो आणि गाभारा भरतो.

चार सोमवार जसेच्या तसे ठेवणं

तोंडी सांगताना पुनरावृत्ती ऐकणाऱ्याला धरून ठेवते. पडद्यावर तेच देऊळ, तीच रांग, तीच कासंडी पुन्हा दिसली की मुलं चुळबुळ करतात. शिवाय खर्च आहेच. सेकंदाला २४ फ्रेम, त्यातही एकेक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. पाच मिनिटांत एकच पात्र सतत हलत असेल तर ३,६०० चित्रं झाली. गर्दीचा प्रत्येक सोमवार हा आकडा फुगवत जातो.

म्हणून प्रत्येक सोमवारला एकच प्रश्न विचारायचा: हा संपल्यावर काय बदललं? पहिल्या सोमवारी हुकूम अपयशी ठरतो आणि म्हातारीच्या दुधानं गाभारा भरतो. राजा बसतो त्या सोमवारी त्याला कारण कळतं. शेवटच्या सोमवारी हुकूमच बदलतो. शिपायाच्या सोमवारी काहीच बदलत नाही. तो गेला तर कुणालाही कळणार नाही.

पण म्हणून पहिला सोमवार आणि राजाचा सोमवार एकत्र करू नका. हा मोह नेहमी होतो, कारण चाळीस सेकंद वाचतात. तसं केलं की राजाचा हुकूम एका दिवसाची लहर ठरतो. तोच हुकूम दुसऱ्यांदा निघतो, तेव्हाच वासराच्या बरगड्या दिसायला हव्यात. दुसऱ्या वेळी दूध ओतणं दाखवूच नका, एका शॉटमध्ये रिकामी भांडी परत जाताना पुरतात.

पात्रं एकत्र करताना फक्त संख्या मोजणं

मूळ कहाणीत राजा, प्रधान, पुजारी, शिपाई, म्हातारी आणि गावकरी. प्रत्येक बोलत्या पात्रासाठी मॉडेल शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी काढलेला तक्ता, शिवाय चेहऱ्याचे भाव, ओठांच्या हालचाली हे सगळं लागतं, तेव्हा कमी करणं भागच आहे. दोघांना एकच गोष्ट हवी असेल तर त्यांचं एक पात्र करता येतं. शिपाई आणि पुजारी दोघंही फक्त पाहतात आणि राजाला खबर देतात, तेव्हा पुजारी पुरे. प्रधान काढला तर युक्ती राजाच्याच डोक्यातून निघते, आणि ते बरंच आहे, कारण चूक कुणाची हे विचारायची वेळ येत नाही.

एका पटकथेत म्हातारीचा एकटेपणा वाढवण्यासाठी तिची लेकरं-सुना काढून टाकल्या होत्या. एकटी, गरीब म्हातारी, पडकं घर. बघणाऱ्याला तिची कीव येते, आणि तिथेच कहाणी हातची सुटते. तिच्या घरात दूध प्यायला कुणी नसेल, तर तिनं आधी कुणाला पाजलं? मग देव तिच्या गरिबीवर प्रसन्न झाला असं दिसतं, आणि ती वेगळीच गोष्ट झाली. एक नातू आणि एक वासरू तरी ठेवावंच लागतं.

म्हातारीचं घर 'स्लो' म्हणून कापणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मूळ कहाणीत तिच्या घरचं वर्णन दोन-तीन वाक्यांचं, आणि त्यात कुठलाही संघर्ष नाही. म्हणून पहिली कात्री तिथेच चालते. दवंडी, गर्दी आणि चमत्कार मात्र राहतात, कारण ते 'व्हिज्युअल' वाटतात. पण गाभारा का भरला याचं उत्तर त्या घरातच आहे. ते कापलं की चमत्काराला कारण उरत नाही, आणि मग शेवटी म्हातारीला मिनिटभर भाषण करावं लागतं. भाषण लांबलेलं दिसलं की मागे जाऊन तिच्या घराचा सीन तपासा. बहुधा तोच नसतो, नाहीतर दहा सेकंदांत उरकलेला असतो.

मी सुचवतो तो सीन साधारण असा:

*म्हातारीचं अंगण, दिवस. म्हातारी गाय पिळते. कासंडी अर्धी भरते. ती थांबते, वासराचं दावं सोडते. वासरू धडपडत आचळाला लागतं. ती कासंडी उचलून ओसरीवर येते. नातू वाटी पुढे करतो. ती ओतते. तो पिऊन पुन्हा वाटी पुढे करतो. ती पुन्हा ओतते. सून कपाळाला हात लावते, लांबून दवंडीचा आवाज. म्हातारी कासंडी उलटी करून शेवटचं दूध छोट्या भांड्यात निथळते. तळ जेमतेम झाकतो. ती भांड्यावर दोन बेलाची पानं ठेवते.*

यात संवाद नाही. पण दुसऱ्यांदा पुढे आलेल्या वाटीमुळे सीनमध्ये ताण येतो, कारण दूध कमी होत जाताना आपण पाहतो. याला ६५ सेकंद द्या. पाच मिनिटांच्या फिल्ममधला हा सगळ्यात लांब सीन असायला हवा.

इथे ठाणे-नवी मुंबईतली एक वेगळी अडचण आहे. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत अशाच एका फिल्मचं अ‍ॅनिमॅटिक मुलांना दाखवलं. राजानं दूध नेल्यावर वासरू रडतं, तिथे एका मुलीनं विचारलं, "ते का रडतंय? त्याला मारलं का?" पिशवीतलं दूध पाहिलेल्या मुलांना वासराच्या तोंडचं दूध ही गोष्ट आपोआप कळत नाही. म्हणून पहिल्या सोमवारच्या आधी एकदा वासरू पिताना दिसलं पाहिजे, आणि मग सोमवारी तेच वासरू दाव्याला ओढत असताना गाय पूर्ण पिळली जाताना. दोन शॉट, आठेक सेकंद.

दूध कुठे जातं हे न ठरवणं

कहाणी सांगताना 'गाभारा भरला नाही' एवढं पुरतं. चित्रात मात्र प्रत्येक मूल विचारतं, मग एवढं दूध गेलं कुठे? काही जण गोमुखातून बाहेर वाहताना दाखवतात. मग राजा वेडा दिसतो. भोक बुजवलं असतं तर काम झालं असतं. काही जण दूध अदृश्य करतात, त्यानं देव खादाड वाटतो.

नियम पहिल्याच वेळी आखा आणि शेवटपर्यंत मोडू नका. उदाहरणार्थ, गाभाऱ्यात उतरायला तीन पायऱ्या आहेत आणि दूध खालून दुसऱ्या पायरीशी येऊन थांबतं. कितीही ओता, पातळी तिथेच. म्हातारीचं दूध पडलं की पातळी तिसरी पायरी झाकून उंबऱ्याला टेकते. यामुळे वाहत्या, उसळत्या दुधाचं किचकट काम वाचतं, कारण सपाट पांढरा पृष्ठभाग सरकवणं सोपं आहे, आणि प्रेक्षकाला मोजायला एक खूण मिळते. ओतण्याची धार एकदाच नीट काढा. बाकी वेळी वाकलेलं भांडं आणि आवाज चालतो. संदर्भासाठी श्रावणी सोमवारी ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठच्या कोपिनेश्वर मंदिराच्या रांगेत उभं राहून पाहा, लोक भांडं कसं धरतात, गर्दीत ते कसं सांभाळतात. जयजयकार मात्र रेकॉर्ड करून तसाच वापरू नका, तुमचं आटपाट नगर ठाण्यात येऊन पडेल.

निवेदक चित्रच पुन्हा सांगतो

'आटपाट नगर होतं' हे वाक्य ठेवा, त्याचा ठेका कानात बसलेला आहे. त्यानंतर निवेदकाला गप्प करा. तपासायची पद्धत सोपी: अ‍ॅनिमॅटिकचा आवाज बंद करून कहाणी माहीत नसलेल्या कुणालातरी दाखवा आणि काय घडलं ते सांगायला लावा. जिथे तो अडखळतो तिथे शॉट हवा, वाक्य नव्हे.

म्हातारीचं स्पष्टीकरणही याच गाळणीतून जातं. तिचं घर नीट दाखवलं असेल तर प्रेक्षकाला कारण आधीच माहीत असतं, कळायचं असतं ते फक्त राजाला. वासरू तिच्या मागोमाग देवळापर्यंत आलेलं दाखवा, तोंडाला फेस लागलेला. राजा खांबाआडून बाहेर येतो, विचारतो, "तुझ्या एवढ्याशा दुधानं कसा भरला?" ती म्हणते, "आधी घरातल्यांनी प्यायलं, महाराज. उरलं ते आणलं." राजा वासराच्या तोंडाकडे बघतो. एवढं बास. वासरा-मुलांच्या तळमळीचं मूळ वाक्य कितीही आवडलं तरी इथे ते तिसऱ्यांदा तेच सांगतं.

वेळेची वाटणी करायची तर: राजाची इच्छा आणि दवंडी २५ सेकंद, पहिल्या सोमवारची घरं ५०, गाभारा न भरणं ३५, म्हातारीचं घर ६५, तिचं देवळात येणं ३५, राजाचा सोमवार ५०, शेवट ४०. शेवटात राजाची पूजा थोडक्यात आणि घराघरांतल्या वाट्या जास्त. श्रेयनामावली यात धरलेली नाही, आणि स्पर्धेला पाठवणार असाल तर ती एकूण लांबीत मोजतात का ते नियमांत आधी बघा.

कापलेला शिपाई, प्रधान, भाषण हे सगळं वेगळ्या पानावर ठेवा, प्रत्येकापुढे का काढलं ते एका ओळीत लिहून. अ‍ॅनिमॅटिक पाहताना कुणीतरी हमखास म्हणतं, "मूळ गोष्टीत शिपाई होता ना?" तेव्हा ती ओळ वाचायची. ती वाचताना पटली नाही, तरच शिपायाला परत घ्यायचं.