लिंगभाव ‘सादर’ होतो म्हणजे काय? असाइनमेंटमधल्या या चुका टाळा

कामाच्या ठिकाणी लिंगभाव, म्हणजे जेंडर, कसा सादर होतो ते उदाहरण देऊन दाखवा: जेंडर स्टडीजची ही असाइनमेंट दर सत्राला तपासताना मला तेच पान पुन्हा पुन्हा भेटतं. वर अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचं नाव, खाली ‘लिंगभाव नैसर्गिक नसून तो सादर केला जातो’ हे वाक्य आणि मग ऑफिसमध्ये चहा बायकाच करतात याबद्दल चार ओळी. मुलं हुशार असतात, विषयही त्यांना आवडलेला असतो, पण घाई फार. आयत्या नोट्समधली व्याख्या उतरवली की काम झालं असं त्यांना वाटतं आणि कल्पना समजून घ्यायची राहूनच जाते. म्हणून मार्क जिथे हमखास जातात त्या जागा इथे सांगते. दोन चुकांवर जरा सविस्तर बोलते, कारण बाकीच्या बहुतेक चुका त्यांच्यातूनच निघतात.

सादर करणं म्हणजे नाटक करणं असं समजणं

‘आपण सकाळी उठून ठरवतो की आज स्त्रीसारखं वागायचं की पुरुषासारखं.’ असं वाक्य लिहिलंत तर पुढचं सगळं घसरतं. बटलर यांचं ‘जेंडर ट्रबल’ हे पुस्तक १९९० साली आलं आणि ते वाचून अनेकांनी हाच अर्थ काढला. म्हणून १९९३ च्या ‘बॉडीज दॅट मॅटर’च्या सुरुवातीलाच त्यांना स्पष्ट करावं लागलं की कपाटातून कपडे निवडावेत तसा लिंगभाव निवडता येतो, असं मी म्हणत नाही.

नाटकात नट आधी असतो आणि भूमिका नंतर येते. प्रयोग संपला की भूमिका उतरते, नट उरतो. बटलर यांचं म्हणणं याच्या उलट आहे. बसणं, चालणं, आवाजाची पट्टी, हसणं, नजर खाली घालणं या कृती वर्षानुवर्षं, ठरलेल्या चाकोरीत आणि इतरांच्या डोळ्यांसमोर होत राहतात. त्या पुन्हा पुन्हा झाल्यामुळेच ‘हिच्या आत एक स्त्रीपण आहे आणि ही वागणूक त्यातून आली’ असं आपल्याला वाटू लागतं. आधी कृती, मग ‘स्वभाव’. हा क्रम तुमच्या पहिल्या परिच्छेदात नीट उतरला पाहिजे.

त्यांनी भाषेच्या तत्त्वज्ञानातली परफॉर्मेटिव्ह ही कल्पना याच कारणासाठी घेतली. जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवलं होतं की काही उच्चार जगाचं वर्णन करत नाहीत, काहीतरी घडवून आणतात. अध्यक्षांनी ‘सभा तहकूब झाली’ म्हटलं की सभा तहकूब होते. प्रसूतिगृहात ‘मुलगी झाली’ हे शब्द उच्चारले जातात तेव्हा नुसती माहिती दिली जात नाही. नाव, कपडे, ‘मुलीच्या जातीनं असं फिदीफिदी हसू नये’ ही समज, अशी एक सबंध साखळी तिथून सुरू होते. आणि ती बाळानं निवडलेली नसते.

मराठी मुलं इथे हमखास बालगंधर्वांचं उदाहरण देतात. ते चुकीचं नाही, पण ‘पुरुषानं स्त्री रंगवली, म्हणजे लिंगभाव सादर होतो’ इथेच थांबलात तर पुन्हा नाटकातच अडकलात. त्यातली खरी गोष्ट पुढे आहे. त्यांच्या साड्या, केशरचना, वावरण्याची ढब पाहून प्रेक्षागारातल्या घरंदाज स्त्रिया तसं करू लागल्या. अस्सल समजली जाणारी स्त्री नकलेवरून शिकत होती. मग मूळ कोणतं आणि नक्कल कोणती? बटलर यांचा प्रश्न हाच आहे. हे दोन वाक्यांत लिहा आणि लगेच कामाच्या ठिकाणाकडे या, कारण असाइनमेंट त्याबद्दल आहे.

भेदभावाची यादी देणं आणि तिला उदाहरण म्हणणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. ‘आमच्या ऑफिसात मॅनेजर पुरुष आहेत, रिसेप्शनिस्ट बाई आहे.’ खरं असेल, पण यातून कोण कुठे बसतं एवढंच कळतं, लिंगभाव कसा घडतो ते कळत नाही. कॅन्डेस वेस्ट आणि डॉन झिमरमन यांचा ‘डुइंग जेंडर’ हा १९८७ चा लेख तुमच्या वाचनात असेल तर त्यातली एकच गोष्ट पक्की धरा: लिंगभाव करत असताना माणूस सतत इतरांना जबाबदार असतो. ‘बाईमाणसाला हे शोभतं का’ हा प्रश्न कधीही विचारला जाईल हे त्याला ठाऊक असतं आणि त्या शक्यतेकडे बघूनच तो वागतो.

एका विद्यार्थिनीनं एसटीतल्या महिला कंडक्टरवर लिहिलं होतं. पहिल्या खर्ड्यात होतं: ‘त्या खाकी घालतात, मोठ्यानं ओरडतात, म्हणजे त्यांनी पुरुषी लिंगभाव सादर केला.’ मी तो परत पाठवला. तिला म्हटलं, पुन्हा त्याच गाडीनं जा आणि मत लिहू नकोस, दिसलं तेवढं लिही. दुसऱ्या वेळी तिनं जे आणलं ते वाचण्यासारखं होतं.

गर्दीत कंडक्टरबाईंचा आवाज खणखणीत, ‘पुढं सरका, मागं जागा आहे.’ पायरीवर म्हातारी अडखळली तेव्हा तोच आवाज खाली आला, ‘सावकाश आजी, धरून चढा.’ सुट्ट्या पैशांवरून एक माणूस हुज्जत घालू लागला, तर त्यांनी स्वतः आवाज चढवला नाही, ड्रायव्हरला म्हणाल्या, ‘दादा, गाडी बाजूला घ्या.’ आणि मग मागच्या सीटवरून एक प्रवासी म्हणाला, ‘ताई, जरा गोड बोलत जा की.’ बाई हसल्या, तिकीट फाडून दिलं, पुढे गेल्या. त्याच मार्गावर पुरुष कंडक्टरही यापेक्षा जोरात ओरडायचे. त्यांना गोड बोलायला कुणी सांगितल्याचं मुलीनं कधी ऐकलं नव्हतं.

ते हसू हे तुमचं उदाहरण. खाकी नव्हे.

आता ते उलगडायचं कसं? कंडक्टरचं काम आवाज मागतं. स्त्रीपणाचा नियम मवाळपणा मागतो. प्रवाशानं त्या नियमाची आठवण करून दिली आणि ‘ताई’ म्हणून नात्याच्या चौकटीत बसवूनच दिली. बाईंनी हसून तो क्षण सांभाळला, कारण न हसण्याची किंमत होती: ‘किती उर्मट बाई आहे’ हे पुढच्या थांब्यापर्यंत ऐकावं लागलं असतं. आणि शेवटी काय झालं? गाडीतल्या सगळ्यांनी पाहिलं की बाई शेवटी हसतात, नमतं घेतात. ‘बायकांचा स्वभावच मवाळ’ हा समज आणखी पक्का झाला आणि तो पक्का करायला लागलेले कष्ट कुणाला दिसले नाहीत. दर वेळी हा शेवटचा टप्पा लिहा. तो नसेल तर तुम्ही दबाव दाखवलात, पण नैसर्गिक वाटणारी गोष्ट तयार कशी होते ते दाखवलं नाहीत.

‘पुरुषासारखी वागते’ हे वाक्य तर मी लाल शाईनं खोडते. त्यात पुरुषी वागणं आधीपासून पुरुषांच्या मालकीचं आहे असं धरलेलं असतं, म्हणजे जे तपासायचं तेच गृहीत धरलेलं असतं.

प्रत्यक्ष निरीक्षण शक्य नसेल तर नोंदीतलं प्रकरण घ्या. माझ्या मते अमेरिकेतलं अ‍ॅन हॉपकिन्स यांचं प्रकरण सर्वांत सोयीचं. प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासणी कंपनीत १९८२ साली भागीदारीसाठी ८८ नावं होती, त्यात त्या एकट्या स्त्री. काम उत्तम, मोठी कंत्राटं मिळवून दिलेली. पण त्या फार आक्रमक आहेत अशी तक्रार झाली आणि निर्णय पुढे ढकलला गेला. सुधारणेचा सल्ला काय मिळाला, तर अधिक बायकी चाला, बोला, पोशाख करा, मेकअप करा, केस नीट करून घ्या, दागिने घाला. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा साचेबद्ध अपेक्षांवर बोट ठेवलं: ज्या कामाला आक्रमकपणा लागतो त्याच कामात स्त्रीच्या आक्रमकपणाला दोष दिला, तर तिला कुठूनच वाट उरत नाही. आता मिळालेला सल्ला पुन्हा वाचा. स्त्रीपण जन्मजात असतं, तर ते करून दाखवायला सांगावं लागलं नसतं. हे वाक्य तुमच्या शब्दांत लिहा, माझं उतरवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

‘डुइंग जेंडर’ बटलर यांच्या नावावर टाकू नका. वेस्ट आणि झिमरमन समाजशास्त्रज्ञ आहेत, समोरासमोरच्या व्यवहारातून मांडणी करतात. बटलर तत्त्वज्ञानातून येतात. दोघांना एका वाक्यात कोंबायचं असेल तर फरकही त्याच वाक्यात द्या.

‘लिंग निसर्गाचं, लिंगभाव समाजाचा’ इथे थांबू नका. ती पायरी आधीची आहे. शरीराचे दोनच गट पाडून बघण्याची आपली नजरही लिंगभावातूनच घडते, असं बटलर म्हणतात. शरीर नसतंच असं मात्र त्या म्हणत नाहीत, तेही लिहू नका.

फक्त बायकांची उदाहरणं नकोत. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांच्या १९८३ च्या अभ्यासात विमानातल्या सेवकांचं निरीक्षण आहे. गणवेश आणि काम तेच, पण प्रवासी पुरुष सेवकाचा अधिकार चटकन मानत आणि राग मात्र स्त्री सेविकांवर काढत. पुरुषालाही आपला अधिकार वठवावा लागतो, फक्त त्याला समोरच्यांचा हातभार मिळतो.

मर्यादांचा परिच्छेद टाळू नका. तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी १९९९ मध्ये बटलर यांच्यावर सडकून टीका केली: हावभाव आणि विडंबन यांच्या चर्चेत कायदा, उपासमार, मारहाण मागे पडतात. टीका पटो न पटो, तुमच्या उदाहरणाला तो प्रश्न विचारा. कंडक्टरबाईंचं हसू या सिद्धांतानं समजतं, पण डेपोत रात्री मुक्कामाला स्वच्छ, सुरक्षित खोली नसेल तर ते समजायला वेगळी साधनं लागतात. सफाईकामात कोण आहे हे जातीशिवाय सांगता येणार नाही.

निरीक्षणाची माझी सवय सांगते. एक जागा, एक तास, एक वही. पानाच्या डाव्या बाजूला ऐकलेले शब्द जसेच्या तसे, उजवी बाजू त्या दिवशी कोरी. अर्थ दुसऱ्या दिवशी लिहायचा. मुलांना ही पद्धत संथ वाटते, पण त्याच दिवशी अर्थ लिहिला की ऐकलेलं वाक्य आपल्या मताप्रमाणे वाकतं, हे मी अनेक वह्यांमध्ये पाहिलं आहे. आणि ज्यांना पाहिलंत त्यांचं नाव, बिल्ला क्रमांक, गाडीची वेळ यातलं काहीही असाइनमेंटमध्ये येऊ देऊ नका. तालुक्याच्या गावी एका मार्गावर महिला कंडक्टर एकच असते, तिला लोक लगेच ओळखतात.