शेड्यूलचा स्क्रीनशॉट वाचताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या युनिटमध्ये नवीन रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर बार चार्टचा स्क्रीनशॉट येतो. समजा काम गिअरबॉक्स हाउसिंगच्या सॅम्पलचं आहे आणि रविवार सुट्टीचा. ड्रॉइंग २ ते ४ जून. ते संपलं की ५ तारखेला दोन कामं एकदम सुरू: पॅटर्न ८ दिवस, १३ पर्यंत, आणि फिक्श्चर १० दिवस, १६ पर्यंत. पॅटर्ननंतर ओतकाम, १४ ते १८. मग १९ ते २४ मशिनिंग, २५-२६ ला तपासणी.

सगळ्यात लांब पट्टी फिक्श्चरची, म्हणून नवखा माणूस फिक्श्चरवाल्याच्याच मागे लागतो. इथंच फसगत होते. क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यावर शेवटची तारीख ठरते तो कामांचा क्रम, पट्टीच्या लांबीवरून नाही, साखळीवरून ठरतो. तो शेवटाकडून शोधा. तपासणी कशासाठी थांबली? मशिनिंगसाठी. मशिनिंगच्या डोक्यावर दोन बाण येतात, एक फिक्श्चरचा, एक ओतकामाचा. १८ ला संपून १९ ला अडवणारं ओतकाम आहे, फिक्श्चर नव्हे. ओतकामामागे पॅटर्न, त्यामागे ड्रॉइंग. ३+८+४+५+२, एकूण २२ कामाचे दिवस, ही खरी साखळी. फिक्श्चरला १७ आणि १८ असे दोन दिवस मोकळे आहेत. तो दोन दिवस उशिरा आला तर काही बिघडत नाही. तीन दिवस झाला की मशिनिंग २० ला जातं आणि क्रिटिकल पाथच फिक्श्चरवरून जाऊ लागतो. पॅटर्न मात्र एक दिवस जरी लांबला तरी तपासणी २७ ला संपते.

पट्ट्या सगळ्या निळ्या आहेत म्हणून क्रिटिकल काही नाही, असंही समजू नका. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या नेहमीच्या `Gantt Chart` व्ह्यूमध्ये `Format` टॅबमधला `Critical Tasks` हा चौकोन टिक केल्याशिवाय क्रिटिकल कामांना आपोआप लाल रंग येत नाही, आणि स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याने बहुधा तो टिक केलेलाच नसतो.

दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा म्हणजे सवड, हा आणखी एक घोटाळा. ती जागा रविवारची असू शकते (चार्टवर सुट्टीच्या दिवशी उभा राखाडी पट्टा दिसतो), किंवा मुद्दाम ठेवलेली वाट असू शकते. `Predecessors` रकान्यात `3FS+2 days` दिसलं तर तिसऱ्या ओळीतलं काम संपल्यावर दोन दिवस थांबायचंच आहे. ती सवड नाही, वापरायला जाऊ नका. स्क्रीनशॉटमध्ये हा रकाना बहुतेक वेळा कापलेला असतो, तेव्हा तो दिसेल असा नवा मागून घ्या.

बाण कुठल्या टोकातून निघतो तेही झूम करून बघा. मशिनिंगच्या डाव्या टोकातून निघून तपासणीच्या डाव्या टोकाला लागला असेल, तर तपासणी मशिनिंग संपण्याची नाही, सुरू होण्याची वाट बघतेय.

आणि स्क्रीनशॉट कुठल्या तारखेचा आहे ते आधी विचारा. ९ जूनचं चित्र १६ ला बघून फिक्श्चर वेळेवर आहे म्हणाल, तर तो तिकडे कधीच घसरलेला असेल.