करिअरबद्दल ज्योतिषांना पत्र कसं लिहावं: तरुण इंजिनिअरसाठी

ज्योतिषांकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत जन्मतारीख, 'सकाळी साधारण ९' एवढी वेळ आणि 'माझं करिअर कसं होईल?' हा एकच प्रश्न असतो. अशा पत्राला उत्तरही तसंच सैल येतं. पत्राचं निम्मं काम ते लिहायच्या आधीच, जन्मवेळ शोधताना होतं.

जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसते. वेळ सापडते ती आईच्या प्रसूतीच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा रुग्णालयाच्या प्रसूती नोंदवहीत. कार्ड हरवलं असेल तर आई, आजी, मावशी यांना वेगवेगळं विचारा आणि प्रत्येकीचं उत्तर लिहून ठेवा. ५:०० किंवा ५:३० अशी गोल वेळ दिसली तर ती कुणीतरी पूर्णांकात बसवलेली असण्याची शक्यता धरा आणि पत्रात तसं लिहा.

एवढी काटेकोरी कशाला, तर लग्नरास, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास, सरासरी दोन तासांनी बदलते. हे लग्न बदललं की दशमस्थान, म्हणजे कुंडलीतलं दहावं घर, तेही बदलतं आणि करिअरचा विचार मुख्यतः तिथूनच होतो. त्याहून बारीक दशमांश कुंडली पाहणारे ज्योतिषी राशीचे तीन-तीन अंशांचे दहा भाग करतात. तिथलं लग्न सरासरी १२ मिनिटांत सरकतं, म्हणजे पाव तासाची चूकही पुरते. विंशोत्तरी दशा म्हणजे आयुष्यात एकामागून एक येणारे ग्रहांचे काळ, आणि त्यांची सुरुवात जन्मवेळी चंद्र नक्षत्रात कुठे होता यावरून धरतात. तिच्यावरचा परिणाम थेट मोजता येतो. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो. वेळ १० मिनिटं चुकली आणि जन्म शुक्राच्या २० वर्षांच्या महादशेतला असेल, तर पुढच्या सगळ्या दशांच्या तारखा सुमारे ५० दिवसांनी हलतात. जन्म रवीच्या ६ वर्षांच्या दशेतला असेल तर सुमारे १५ दिवसांनी.

सर्वात महाग चूक होते ती मध्यरात्रीनंतरच्या जन्माची. घरात 'शनिवारी रात्री साडेबाराला झाला' असं म्हणतात, कारण पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात. इंग्रजी तारीख मात्र रात्री १२ ला बदललेली असते. शनिवारचीच तारीख लिहिली तर कुंडली पूर्ण एक दिवस मागची निघते, चंद्राचं नक्षत्र बहुतेक वेळा बदलतं आणि त्याबरोबर महादशाही. म्हणून नुसतं 'रात्री १२:२०' लिहू नका, दोन्ही तारखा आणि वार लिहा.

जन्मगाव म्हणजे रुग्णालय ज्या गावात होतं ते, मूळ गाव नव्हे. राज्यही लिहा. औरंगाबाद महाराष्ट्रात (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं तसंच बिहारमध्येही आहे. दोन्हींच्या रेखांशांत सुमारे ९ अंशांचा फरक, म्हणजे स्थानिक वेळेत ३६ मिनिटांचा. परदेशात जन्म झाला असेल तर घड्याळात दिसत होती तीच वेळ द्या आणि तेव्हा उन्हाळी वेळ लागू होती का ते लिहा. वजाबाकी स्वतः करू नका. तुम्हीही तास वजा केला आणि त्यांच्या सॉफ्टवेअरनेही केला, तर लग्न चुकलंच.

घरातली जुनी पत्रिका असेल तर तिचा फोटो जोडा, पण तिच्यावरून वेळ काढताना जपून. तिथे 'इष्ट घटी १२ पळे ३०' असं असू शकतं. ती सूर्योदयापासूनची मोजणी असते आणि एक घटी म्हणजे २४ मिनिटं. म्हणजे जन्म सूर्योदयानंतर ५ तासांनी झाला, दुपारी साडेबाराला नव्हे.

यानंतर पडताळणीच्या घटना. कुंडली वेळेशी जुळते का, हे पाहायला ज्योतिषांना तुमच्या आयुष्यातल्या चार-पाच घटना महिना-वर्षासह लागतात. ऑफर लेटरची तारीख वेगळी आणि प्रत्यक्ष रुजू झाल्याची वेगळी, दोन्ही द्या. केटी लागली असेल, वर्ष गेलं असेल, नोकरी सुटली असेल तर तेही लिहा. पडताळणीला अडचणीचा काळ यशाइतकाच उपयोगी पडतो, आणि तोच बहुतेक जण गाळतात.

आता प्रश्न. दोन किंवा तीनच विचारा. प्रत्येकात समोरचे पर्याय आणि निर्णयाची मुदत हवी. उत्तर दशा-अंतर्दशेच्या भाषेत येतं आणि अंतर्दशा, म्हणजे महादशेचा पोटभाग, लहान नसते. चंद्रात रवी ६ महिन्यांची, तर शनीत बुध २ वर्षं ८ महिने ९ दिवसांची. त्यामुळे 'ऑफर कोणत्या तारखेला येईल' हा प्रश्न या मापात बसत नाही. 'येत्या दीड वर्षात नोकरी बदलायला कोणता काळ बरा' हा बसतो. कंपनीचं नाव आणि पगाराचा आकडा कुंडलीला विचारू नका.

चाकणला काम करणाऱ्या एखाद्या मेकॅनिकल इंजिनिअरचं पत्र असं होईल:

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.
जन्म १४ मार्च १९९९, ००:२० वाजता, म्हणजे शनिवार १३ आणि रविवार १४ मार्च यांच्या मधल्या रात्री. ठिकाण सांगली शहर, महाराष्ट्र. वेळ आईच्या डिस्चार्ज कार्डावरून घेतली आहे. आजीच्या आठवणीत 'साडेबाराच्या आत' आहे.
बारावी २०१७. दुसऱ्या वर्षी दोन विषयांत केटी, जून २०१९. बी.ई. मेकॅनिकल २०२१. चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात रुजू, सप्टेंबर २०२१. वडिलांचं मोठं आजारपण, फेब्रुवारी २०२३.
पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्स सुरू करायचं की इथेच डिझाइन विभागात बदली घ्यायची, हे मला जूनअखेर ठरवायचं आहे.
१. येत्या दोन वर्षांचा काळ परदेशी शिक्षणाला अनुकूल दिसतो की इथे राहून काम बदलायला?
२. जायचं ठरलं तर शैक्षणिक कर्ज घ्यावं लागेल. त्या काळात कर्ज आणि घरची जबाबदारी यांबद्दल काय सावधगिरी बाळगावी?
आपण कोणतं अयनांश आणि कोणती पद्धत वापरता, तसंच मानधन किती, हे कृपया कळवावं.
आपला नम्र

अयनांशाची ओळ विसरू नका. राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची, ते अयनांशावरून ठरतं. लाहिरी आणि कृष्णमूर्ती अयनांशांत फरक फक्त ६ कलांच्या, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे, पण ग्रह किंवा लग्न राशीच्या किंवा नक्षत्राच्या कडेवर असेल तर तेवढ्यानेही जागा बदलते. पुढे दुसऱ्या ज्योतिषांचं उत्तर वेगळं आलं तर फरक कुठून आला ते या ओळीमुळे शोधता येतं.

आधार, पॅन, बँकेचा तपशील यातलं काहीही पाठवू नका. कुंडलीला तारीख, वेळ आणि ठिकाण एवढंच लागतं. उत्तरात महागडं रत्न किंवा शांती लगेच करायचा आग्रह असेल तर पैसे देण्याआधी थांबा. आणि जर्मनीचा प्रवेश किंवा कर्जाचा हप्ता यांचं गणित विद्यापीठाच्या आणि बँकेच्या कागदांवरच करा.

वेळ काही केल्या मिळालीच नाही, तर अंदाजाची वेळ ठोकून देऊ नका. 'जन्मवेळ माहीत नाही, प्रश्नकुंडलीवरून पाहावं' असं स्पष्ट लिहा. प्रश्नकुंडली प्रश्नाच्या क्षणावर मांडतात. हा क्षण कुठला धरायचा, पत्र लिहिल्याचा की वाचल्याचा, हे ज्योतिषी ठरवतात, म्हणून पत्र लिहिल्याची तारीख, वेळ आणि गाव नोंदवा. कृष्णमूर्ती पद्धतीचे ज्योतिषी १ ते २४९ मधला एक अंक मागतात. तो प्रश्न मनात धरून एकदाच निवडायचा आणि त्याच प्रश्नासाठी दुसऱ्यांदा बदलायचा नाही.