गरब्यानंतर पाठीवर उठणारे मुरूम : या चुका टाळा

नवरात्र संपून आठवडा होतो न होतो तोच, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाचा सदरा वर करून पाठ दाखवायला येतो. खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर लाल, दुखरे मुरूम उठलेले असतात आणि तो सगळा दोष घामाला देतो. वास्तविक नुसत्या घामाने मुरूम येत नाहीत. भिजलेले कापड तासन्‌तास अंगाला चिकटून घासत राहते, तेव्हा त्वचेची रंध्रे तेलाने व मृत पेशींनी बुजतात आणि तिथे सूज येते.

त्याची मुख्य चूक केडियूची, म्हणजे गरब्यात घालायच्या घेरदार अंगरख्याची होती. पॉलिस्टरचे अस्तर आणि आरशांचे जड भरतकाम असलेले ते केडियू धुता येत नाही म्हणून खुंटीवर वाळत घालायचे आणि दुसऱ्या रात्री तेच चढवायचे, असा क्रम नऊ रात्री चाले. यंदा त्याने आत पातळ सुती बनियन घातले. मात्र सूतही ओले झाले की ओलेच राहते, म्हणून मध्यंतरात बदलायला दुसरे बनियन त्याने पिशवीत ठेवले. केडियू उलटे करून पंख्याखाली वाळवले.

रात्री दीड वाजता येऊन तसेच झोपणे ही दुसरी चूक. कोमट पाण्याने अंघोळ करावी आणि केस आधी धुऊन पाठ शेवटी धुवावी, म्हणजे कंडिशनरचा तेलकट थर पाठीवर राहत नाही. अंघोळ शक्यच नसेल, तर ओल्या पंचाने अंग पुसून निदान कपडे तरी बदलावेत.

मुरूम दिसले की तो घासणीने पाठ खरवडत असे, त्यामुळे सूज अधिकच वाढे. त्याऐवजी बेंझॉईल पेरॉक्साइडचा अडीच किंवा पाच टक्क्यांचा वॉश एक दिवसाआड ओल्या त्वचेवर लावून दोन-तीन मिनिटे ठेवावा आणि नीट धुवून टाकावा. त्वचा फार कोरडी पडली किंवा चुरचुरली, तर वापर कमी करावा. हे औषध कापडाचा रंग उडवते, म्हणून टॉवेल व चादर पांढरी वापरावी. आईच्या निळ्या टॉवेलवरचे डाग अजून आमच्या घरी चर्चेत आहेत. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पण भाच्याने औषध दहाव्या दिवशीच सोडले होते.

छातीवर मात्र त्याला एकसारख्या आकाराच्या, खाज सुटणाऱ्या बारीक पुटकुळ्या आल्या होत्या, आणि त्यांत एकही काळे टोक नव्हते. अशी पुरळ बहुधा केसांच्या मुळांशी वाढणाऱ्या यीस्टची असते. तिच्यावर मुरुमांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्यास ती वाढू शकते, आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम लावल्यास निदानच अवघड होते. त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला बुरशीवरचे औषध दिले. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा व्रण राहू लागले असतील, तर सहा आठवडे वाट न पाहता त्यांच्याकडे जावे.