पाण्याच्या नव्या वेळापत्रकाची नोटीस सोसायटीत लावण्याआधी

पाण्याच्या वेळा बदलल्या की त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर येतो, सेक्रेटरी तो जसाच्या तसा छापून लिफ्टशेजारी लावतात आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू होतात: "पाच वाजले, नळाला पाणी कुठंय?" स्क्रीनशॉटमध्ये असते ती पाणी इमारतीच्या खालच्या टाकीत पडण्याची वेळ. रहिवाशांना हवी असते नळाला पाणी येण्याची वेळ. चांगली नोटीस म्हणजे पहिल्या वेळेवरून काढलेली दुसरी वेळ.

आधी तो स्क्रीनशॉट नीट वाचू. तो कोणाचा आहे, हे ठाण्यात पहिल्यांदा बघावे लागते, कारण शहराला पाणी एकाच ठिकाणाहून मिळत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम प्राधिकरण आहे, एमआयडीसी आहे आणि थोडे पाणी मुंबई महापालिकेकडूनही येते. कळवा, मुंब्रा, दिवा या भागांत मुख्यतः एमआयडीसीचे पाणी असते, म्हणून तिथले वेळापत्रक घोडबंदर रोडच्या इमारतीला लागू पडेलच असे नाही. वरचा मथळा आणि तारीख कापलेला स्क्रीनशॉट आला असेल तर मूळ पान मागून घ्या. तारीख नसलेला तक्ता मागच्या वर्षीचाही असू शकतो.

मग आपली ओळ शोधा. तक्ता पुष्कळदा जलकुंभानुसार असतो आणि एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती वेगवेगळ्या जलकुंभांवर असू शकतात. शिवाय "काही भाग वगळता" हे शब्द कुठे आहेत का ते शेवटपर्यंत वाचा, कारण आपली गल्ली त्या वगळलेल्या भागात असेल तर पुढचे सगळेच चुकते. शंका असेल तर आपल्या भागातल्या व्हॉल्व्हमनला विचारा. कोणती लाइन कुठून येते हे त्याच्याइतके नेमके क्वचितच कोणाला माहीत असते. आकडे उतरवताना चित्र मोठे करून बघा. धूसर चित्रात १ आणि ९ एकसारखे दिसतात. "बुधवारी रात्री १२" असे लिहिले असेल तर ती बुधवारची सुरुवात की शेवट, हे विचारून घ्या आणि नोटिशीत "बुधवार संपून गुरुवार लागताना" असे स्पष्ट लिहा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा कोलशेत रोडवर ५६ घरांची इमारत आहे. खालची टाकी ५० हजार लिटरची, गच्चीवरची २० हजारांची. आतापर्यंत पाणी रोज पहाटे ५ ते ८ येत होते आणि नळ चोवीस तास चालू असत. नव्या तक्त्याप्रमाणे १२ तारखेपासून, म्हणजे बुधवारपासून, पाणी रोज संध्याकाळी ५ ते ७ येणार आहे.

इथे सगळ्यांच्या नजरेतून सुटते ती मधली पोकळी. जुन्या वेळेचे शेवटचे पाणी मंगळवारी सकाळी ८ वाजता थांबेल आणि नव्या वेळेचे पहिले पाणी बुधवारी संध्याकाळी ५ वाजता येईल. म्हणजे ३३ तास टाकीत एक थेंबही पडणार नाही, आणि त्यात बुधवारची सगळी सकाळ येते. घरटी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर हा नेहमीचा नियोजनाचा आकडा धरला तर इमारतीला दिवसाला साधारण ३० हजार लिटर लागतात. मंगळवारी ८ वाजता दोन्ही टाक्यांत मिळून ४० हजार लिटर असतील, तर बुधवारी सकाळी १० हजार उरतील. आंघोळी आणि धुणी उरकेपर्यंत तेही संपतील आणि दुपारी नळ कोरडे. त्यामुळे बुधवारी सकाळसाठीचा १० हजार लिटरचा टँकर सोमवारीच सांगून ठेवायला हवा. बदलाच्या दिवशी आसपासच्या सगळ्याच सोसायट्या टँकर मागतात.

दुसरा हिशोब रोजचा. तो मीटरवरून काढा, अंदाजाने नको. पाणी चालू असताना एकदा आणि तासाभराने पुन्हा रीडिंग घ्या. खालची टाकी भरत आलेली नसावी, नाहीतर बॉलकॉक पाणी अडवतो आणि आकडा कमी दिसतो. समजा तासाला १० हजार लिटर येतात. तीन तासांत ३० हजार यायचे, दोन तासांत २० हजार येतील. दाब तोच राहिला तर रोज १० हजारांची तूट पडेल. मग कमिटीने ठरवायचे: रोज टँकर घ्यायचा, की नळ ठराविक वेळीच सोडायचे. माझे मत विचाराल तर आधी नळाच्या वेळा बांधून बघाव्यात. टँकरचा खर्च शेवटी मेंटेनन्समध्येच येतो.

नळाच्या वेळा ठरवताना एक दिलासा आहे. पाणी संध्याकाळी येत असले तरी ते रात्रभर टाकीत साठते, म्हणून सकाळची वेळ कायम ठेवता येते. संध्याकाळी मात्र ५ वाजता लगेच नळ सोडू नका. खालच्या टाकीत पुरेसे पाणी जमल्यावर, साधारण साडेपाचला, पंप चालू करा. कोरडा पंप चालवला तर तो जळू शकतो. तासाभरात वरच्या टाकीत कामापुरते पाणी चढते. त्यामुळे नळाची वेळ साडेसहा.

एवढे झाले की नोटीस लिहायला दहा मिनिटे लागतात. वर नळाच्या वेळा, मग बदलाच्या दिवसाचे, आणि पुरवठ्याची वेळ सगळ्यात शेवटी.

> पाण्याच्या वेळेत बदल: बुधवार, दि. १२ पासून
>
> सर्व सभासद व भाडेकरू यांना कळविण्यात येते की,
>
> नळाला पाणी रोज सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६.३० ते ९ या वेळेत येईल. इतर वेळी नळ बंद राहतील.
>
> मंगळवारी सकाळी ८ पासून बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत इमारतीला बाहेरून पाणी येणार नाही. बुधवारी सकाळसाठी एक टँकर सांगितला आहे. त्या दिवशी वॉशिंग मशीन लावू नये व गाड्या धुऊ नयेत. बुधवारी दुपारी नळ बंद असतील, पिण्याचे पाणी सकाळीच भरून ठेवावे.
>
> कारण: इमारतीला पाणी आता पहाटे ५ ते ८ ऐवजी संध्याकाळी ५ ते ७ मिळणार आहे. नळाच्या वेळा कमिटीने ठरवल्या असून रविवारी त्यांचा पुन्हा विचार होईल.
>
> सेक्रेटरी

पुरवठ्याची वेळ कोणाची आणि नळाची वेळ कोणी ठरवली, हे वेगळे लिहिले आहे ते मुद्दाम. नाहीतर कमिटीच्या निर्णयाबद्दल लोक पालिकेला फोन करतात आणि पालिकेच्या निर्णयाबद्दल सेक्रेटरींशी भांडतात. मूळ स्क्रीनशॉट नोटिशीखाली जोडायचा असेल तर फक्त आपली ओळ आणि तारीख दिसेल एवढाच कापून जोडा. पूर्ण तक्ता दिला की कोणीतरी शेजारची ओळ वाचतेच.

भाडेकरू बहुतेक वेळा सोसायटीच्या ग्रुपमध्ये नसतात, म्हणून कागद प्रत्येक विंगच्या लिफ्टपाशी सोमवारी सकाळीच लावा. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी वॉचमनला पाठवून तोंडी सांगा. आणि वॉचमनला पंपाच्या व व्हॉल्व्हच्या नव्या वेळा वेगळ्या कागदावर लिहून द्या. जुन्या सवयीने त्याने पहाटे पंप लावला तर नोटीस कितीही चांगली असून उपयोग नाही.

बुधवारी संध्याकाळी ५ आणि ७ वाजता मीटर वाचा. २० हजारांच्या आसपास पाणी आले असेल तर नोटीस तशीच राहू द्या. बरेच कमी आले असेल तर रविवारची वाट न बघता त्याच रात्री नळाच्या वेळा कमी करा, जुना कागद काढा आणि नव्यावर "सुधारित" व तारीख लिहून लावा.