तिसरा किरण काढल्याशिवाय खोडरबर उचलू नका

किरणाकृती बरोबर आली का, हे मी शिकताना बराच काळ भलत्याच पद्धतीने तपासत होतो. प्रतिमेची उंची वस्तूच्या उंचीने भागायची, प्रतिमेचं अंतर वस्तूच्या अंतराने भागायचं आणि दोन्ही उत्तरं जुळली की पान उलटायचं.

मग एक आकृती आली. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर 4 सेमी, वस्तू 6 सेमीवर आणि 2 सेमी उंच. प्रतिमा 12 सेमीवर, उलटी आणि 4 सेमी उंच यायला हवी. माझी आली जवळजवळ 11 सेमीवर, उंची साधारण 3.65. तरी दोन्ही भागाकार 1.83च्या आसपास! कारण सोपं आहे. भिंगाच्या मध्यातून सरळ जाणारा किरण दोन समरूप त्रिकोण बनवतो, त्यामुळे त्या किरणावर कुठेही बोट ठेवा, हे गुणोत्तर जुळणारच. दुसऱ्या किरणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

चूक दुसऱ्यातच होती. अक्षाला समांतर रेघ ओढताना पट्टी फिरली. वस्तूच्या टोकाशी उंची 2.0 सेमी, भिंगाशी 2.1. फक्त एक मिलिमीटर. पण पुढे हे दोन किरण जेमतेम आठ अंशांच्या कोनात छेदतात, म्हणून छेदबिंदू सेंटीमीटरभर सरकला. वस्तू नाभीच्या जितकी जवळ, तितका हा कोन लहान आणि घोळ मोठा.

म्हणून तिसरा किरण काढायचा: वस्तूच्या टोकातून अलीकडच्या नाभीतून भिंगापर्यंत, तिथून अक्षाला समांतर. इथे तो अक्षाखाली 4 सेमीवर भिंगाला भेटतो. माझं भिंग इतकं लांब काढलेलंच नव्हतं, आणि मला वाटलं किरण हुकला. तसं नाही, भिंगाची उभी रेघ तुटक वाढवायची आणि किरण तिथे वळवायचा. तो मधल्या किरणाला बरोबर 12 सेमीवर छेदतो. तेव्हा संशयित उरतो समांतर किरण. त्याची उंची दोन्ही टोकांना मोजली की चोरी पकडली जाते. तिन्ही रेघांचा छोटा त्रिकोण झाला तर त्याच्या मध्यावर ठिपका देऊन मोकळं होऊ नका (मी दिलाय).

तिन्ही किरण एका बिंदूत आले, पण दोन्ही नाभी सारख्याच चुकीच्या अंतरावर असल्या, तर आकृती गुपचूप चुकलेली राहते. तिथे शेवटी चिन्हं बाजूला ठेवून सूत्र लावा: 1/12 + 1/6 = 1/4.

पट्टी फिरते ती एका बोटाने दाबल्यामुळे. दोन बोटं लांब लांब ठेवा. पेन्सिलीचं टोक आधी लांबच्या बिंदूवर टेकवा, पट्टी त्याला भिडवा, मग दुसऱ्या बिंदूशी जुळवा. पट्टीच वाकडी वाटली तर दोन बिंदूंमधून रेघ ओढा, पट्टी पालथी करून त्याच कडेने पुन्हा ओढा. मध्ये फट दिसली तर ती पट्टी बाद.

अंतर्गोल आरशात आणखी एक भानगड. नाभीय अंतर 4 सेमी असेल तर कंस 2 सेमी उंचीवर ध्रुवापासून अडीच मिलिमीटर पुढे आलेला असतो. किरण कंसावर वळवले की ते एका बिंदूत येत नाहीत, आणि दोष पट्टीवर जातो. ध्रुवाशी उभी रेघ काढून किरण तिच्यावरच वळवा.