सत्तूच्या पेल्यातील प्रथिने: पाणी वाढवल्याने काही वाढत नाही

उन्हाळा लागला की आमच्या इंदूरच्या घरी सत्तूचा डबा ओट्यावर येतो, आणि त्याच वेळी तीच चूक पुन्हा पाहावी लागते: प्रथिने पेल्यांवर मोजण्याची. प्रथिने पिठात असतात, पाण्यात मुळीच नसतात. भाजलेल्या चण्याच्या शंभर ग्रॅम सत्तूत ती साधारण २० ते २२ ग्रॅम असतात, म्हणून चाळीस ग्रॅम पिठातून आठ-नऊ ग्रॅम मिळतात, मग त्यात पाणी दोनशे मिलिलिटर घाला की चारशे.

गेल्या वर्षी माझा भाचा व्यायामशाळेत जाऊ लागला. "मावशी, एका पेल्यात बावीस ग्रॅम प्रथिने आहेत, पाकिटावर लिहिले आहे," असे तो ठामपणे सांगत असे. पाकिटावर तो आकडा शंभर ग्रॅम पिठासाठी होता. मी त्याचा नेहमीचा चमचा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवला, तर सपाट भरलेल्या चमच्यात दहा ग्रॅम पीठ निघाले. तो असे दोन चमचे मोठ्या पेल्यात घालत असे, म्हणजे प्रथिने जेमतेम चार ग्रॅम. पेला काठोकाठ भरलेला दिसे, एवढेच. शिगोशीग चमच्यात पीठ दीडपट सहज जाते, म्हणून आपला चमचा एकदा तरी तोलून पाहावा. त्याशिवाय चमच्यांचा हिशेब करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक तांब्यात एकदम सत्तू कालवून ठेवण्याची. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम पीठ घातले, तर पाच पेल्यांत प्रत्येकी सुमारे चार ग्रॅम प्रथिने यायला हवीत. पण सत्तू विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि काही मिनिटांत तळाशी बसू लागतो. न ढवळता ओतले, तर पहिल्या पेल्यात फिकट पाणी येते, शेवटच्यात दाट गाळ, आणि पुष्कळदा तोच गाळ विसळून फेकला जातो. वरचे पाणी नितळ दिसू लागले की पीठ खाली गेले असे समजावे. मी प्रत्येक पेला ओतण्यापूर्वी तळापर्यंत रवी फिरवते आणि पेल्याच्या तळाशी राहिलेले पीठ घोटभर पाण्याने विसळून पिऊन टाकते.

गुठळ्या होऊ नयेत म्हणून आधी थोड्याच थंड पाण्यात पीठ घोटून घ्यावे, मग उरलेले पाणी घालावे. घाईने सगळे पाणी ओतणाऱ्यांच्या पेल्यात कोरड्या पिठाचे गोळे राहतात.

पीठ कशाचे आहे हेही पाहावे. गहू व चणे समप्रमाणात असलेल्या सत्तूत शंभर ग्रॅममागे प्रथिने सोळा-सतरा ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे चाळीस ग्रॅमला साडेसहा. आपल्याकडच्या सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतात, त्यामुळे नावाच्या साम्यावरून चण्याच्या सत्तूचा आकडा त्याला लावू नये.